अर्धविराम, अपूर्णविराम आणि अपसारणचिन्ह : दोन वाक्यांमधले नाते

पुढची तीन वाक्ये शब्दाशब्दाने सारखी आहेत. फरक आहे तो मधल्या एका चिन्हाचा.

त्या रात्री वाड्यात कोणी झोपले नाही; थोरल्या खोलीतला दिवा जळत होता.

त्या रात्री वाड्यात कोणी झोपले नाही : थोरल्या खोलीतला दिवा जळत होता.

त्या रात्री वाड्यात कोणी झोपले नाही — थोरल्या खोलीतला दिवा जळत होता.

पहिल्या वाक्यात दोन गोष्टी शेजारी ठेवल्या आहेत. जागरण आणि दिवा यांचा संबंध काय, हे निवेदक सांगत नाही. दुसऱ्या वाक्यात दिव्यामुळे जागरणाचा उलगडा होतो. थोरल्या खोलीत काहीतरी घडत होते आणि म्हणूनच कोणाला झोप नव्हती, असे वाचक धरून चालतो. तिसऱ्या वाक्यात जागरणाची गोष्ट सांगता सांगता निवेदकाची नजर अचानक दिव्याकडे वळली आहे. हे तीन अर्थ अनुक्रमे अर्धविराम (;), अपूर्णविराम (:) आणि अपसारणचिन्ह (—) यांनी घडवले. बोलण्यात त्यांना सेमिकोलन, कोलन आणि डॅश म्हटले जाते. अपूर्णविरामाला काही पुस्तकांत उपपूर्णविराम असेही नाव आहे.

या लेखातली सर्व उदाहरणे कथा-कादंबरीतल्या गद्याच्या धाटणीची आहेत आणि याच विवेचनासाठी रचलेली आहेत.

थांबा नव्हे, नाते

शाळेत विरामचिन्हे बहुधा थांब्याच्या लांबीने शिकवली जातात : स्वल्पविरामाला थोडे थांबावे, अर्धविरामाला त्याहून जास्त, पूर्णविरामाला पुरते. मोठ्याने वाचताना हा नियम कामी येतो. लिहिताना मात्र तो अपुरा पडतो, कारण वरची तीन वाक्ये मोठ्याने वाचली तर तिन्ही ठिकाणी थांबा जवळपास सारखाच येतो. थांब्याच्या मापाने या तिघांत निवड करता येत नाही.

मराठीला थांबा दाखवणाऱ्या खुणांची गरज तशी कमीच होती. मराठी वाक्यात क्रियापद सहसा शेवटी येते, त्यामुळे ‘होते’, ‘गेला’, ‘म्हणाली’ असे काही आले की वाक्य संपले हे वाचणाऱ्याला उमगते. मोडीतले जुने कागद आजच्या विरामचिन्हांवाचून लिहिले जात, तर पोथ्यांत श्लोकाचा किंवा ओवीचा शेवट दाखवायला दंड पुरत असे. आज वापरात असलेली चिन्हे युरोपातून छापखान्याबरोबर आली. अर्धविरामाचे छापील रूप आल्डस मनुशियस या मुद्रकाने व्हेनिसमध्ये १४९६च्या सुमारास प्रथम वापरले. मराठीत या चिन्हांची पद्धतशीर ओळख मेजर थॉमस कँडी यांनी ‘विरामचिन्हांची परिभाषा’ या १८५०मधल्या पुस्तकातून करून दिली.

वाक्य कुठे संपते हे क्रियापदच सांगत असेल, तर चिन्हाला दुसरे काम उरते. आधीच्या मजकुराचे पुढच्या मजकुराशी नाते काय, हे ते सांगते. ते नाते ओळखायची सोपी रीत म्हणजे चिन्हाच्या जागी कोणता शब्द मनात येतो ते पाहणे.

अर्धविराम : दोन पूर्ण वाक्ये, शेजारी शेजारी

सासूबाईंना घर वरपासून खालपर्यंत लख्ख लागे; सुनेला घर माणसांनी भरलेले लागे.

दोन्ही भाग स्वतःच्या पायावर उभे आहेत. दोन्हींना आपापले क्रियापद आहे आणि दोन्हींपुढे पूर्णविराम देता आला असता. तो दिला असता तर दोन सुट्या नोंदी झाल्या असत्या. ‘पण’ घातला असता तर या दोघींचे जमत नाही, हे लेखकानेच जाहीर केले असते. अर्धविराम यातले काहीच करत नाही. तराजूच्या दोन पारड्यांत दोन गोष्टी घालून तो बाजूला होतो आणि कोणते पारडे खाली जाते ते वाचकाला पाहू देतो. अर्धविरामाच्या जागी मनात ‘आणि’, ‘पण’ किंवा ‘तर’ येतो, मात्र नेमका कोणता हे उघड झालेले नसते.

दोन्ही बाजूंना पूर्ण वाक्य हवे, या अटीतून नेहमीची एक चूक ओळखता येते.

पाऊस थांबल्यावर; म्हातारा शेतावरून परतला.

इथे अर्धविराम चूक आहे. ‘पाऊस थांबल्यावर’ हे वाक्य नाही. डावी बाजू अर्धवट असल्यामुळे इथे फार तर स्वल्पविराम चालेल आणि तोही नसला तरी बिघडत नाही. चिन्हापर्यंत वाचून थांबावे; ‘मग काय?’ असा प्रश्न पडला तर तिथे अर्धविराम बसत नाही.

उलट चूक म्हणजे जिथे अर्धविराम हवा तिथे स्वल्पविरामावर भागवणे. ‘तो उठला, कंदील घेतला, बाहेर पडला’ या वाक्यात स्वल्पविरामच योग्य आहे, कारण माणूस एकच आहे, क्रिया लहान आहेत आणि त्या एकामागून एक घडतात. प्रत्येक भागात कर्ता बदलू लागला आणि आतही स्वल्पविराम येऊ लागले की ते पुरत नाहीत. हा घोटाळा याद्यांत सर्वांत ठळक दिसतो.

वाड्यात तीन बिऱ्हाडे होती : पुढच्या सोप्यात मास्तर, त्यांची बायको आणि दोन मुली; माडीवर कारकून, त्याचा भाऊ आणि भावाचा तबला; परसाकडच्या खोलीत एकटी काकू.

यातले दोन अर्धविराम काढून स्वल्पविराम घातले तर ‘दोन मुली, माडीवर कारकून’ असे सलग वाचले जाते. मुली माडीवर गेल्या की कारकून, हे वाचणाऱ्याला मागे वळून ठरवावे लागते. लहान गटांच्या आत स्वल्पविराम आणि गटांच्या मध्ये अर्धविराम अशी पायरी केली की बिऱ्हाडे तीनच आहेत हे पहिल्या वाचनात कळते. पूर्ण वाक्याची अट फक्त अशा यादीत सैल होते. इथे अर्धविरामाचे काम गटांच्या सीमा आखणे एवढेच असते.

अपूर्णविराम : आधी कबुली, मग भरपाई

अर्धविरामाच्या दोन्ही बाजू समान दर्जाच्या असतात. अपूर्णविरामाच्या तशा नसतात. डावी बाजू काहीतरी देऊ करते आणि उजवी बाजू ते देते.

गोविंदाला गावातली एकच गोष्ट आवडत नसे : गाव.

‘एकच गोष्ट’ हे शब्द आले की वाचक कोणती गोष्ट म्हणून पुढे पाहतो. अपूर्णविराम त्याला क्षणभर थांबवतो आणि मग उत्तर देतो. उजवीकडे एक शब्द असो, यादी असो की पूर्ण वाक्य असो, तिथे डावीकडच्या मजकुराची फोड, तपशील किंवा कारण असते. म्हणून या चिन्हाच्या जागी ‘म्हणजे’, ‘ते असे’ किंवा ‘कारण’ येतो. डावी बाजू मात्र पूर्ण असावी लागते.

ही अट मराठीत थोडी वेगळ्या रीतीने लागू होते. मराठीत यादी बहुतेक वेळा क्रियापदाच्या आधी, वाक्याच्या पोटात येते.

म्हाताऱ्याच्या पिशवीत चष्मा, अडकित्ता आणि एक न फोडलेले पत्र होते.

या वाक्यात अपूर्णविरामाला जागाच नाही. ‘म्हाताऱ्याच्या पिशवीत : चष्मा, अडकित्ता…’ असे लिहिले तर वाक्य क्रियापदाच्या आधीच तुटते. अपूर्णविराम हवा असेल तर क्रियापद यादीच्या आधी आणावे लागते.

म्हाताऱ्याच्या पिशवीतून तीनच वस्तू निघाल्या : चष्मा, अडकित्ता आणि एक न फोडलेले पत्र.

दोन्ही वाक्यांत माहिती एकच आहे, पण जोर बदलला आहे. पहिल्या वाक्यात शेवटचा शब्द ‘होते’ असल्यामुळे पत्र त्याच्या आड जाते. दुसऱ्यात पत्रानंतर काहीच नाही, त्यामुळे वाचक त्या पत्रावरच थांबतो. कथेत पुढे त्या पत्राला महत्त्व असेल तर दुसरी रचना उपयोगी. पिशवीचे वर्णन केवळ ओघात आले असेल तर पहिली पुरेशी आहे.

संवादाच्या आधी मराठीत स्वल्पविरामच रूढ आहे : ती म्हणाली, “थांब जरा.” बोलण्याआधीचा भाग पूर्ण वाक्य असेल आणि पुढचे शब्द मुद्दाम समोर आणायचे असतील तर अपूर्णविराम शोभतो : आजीने जाताना बजावले ते एवढेच : “विहिरीकडे जाऊ नकोस.” ‘की’नंतर मात्र तो कधीच येत नाही, कारण पुढे काही येणार आहे हे ‘की’ आधीच सांगून ठेवतो. अर्जांत आणि प्रश्नपत्रिकांत ‘पुढीलप्रमाणे :-’ अशी जोडी दिसते. एका चिन्हाचे काम तिथे दोन चिन्हे करतात. ललित गद्यात त्यातली आडवी रेघ गाळावी.

अपसारणचिन्ह : वाक्याची वाट मोडणारे

पहिली दोन चिन्हे वाक्याच्या बांधणीत बसतात. अपसारणचिन्ह ती बांधणी मध्येच थांबवते. त्याचे तीन उपयोग वेगवेगळे ओळखावेत.

पहिला उपयोग जोडीचा.

धाकटा भाऊ — पुढे मुंबईला गिरणीत लागला तो — त्या दिवशी शेतावरच होता.

दोन रेघांमधला मजकूर बाहेरून आत घुसलेला आहे. तो उचलून काढला तर ‘धाकटा भाऊ त्या दिवशी शेतावरच होता’ हे वाक्य धड उरते. हीच या जोडीची कसोटी. मधला भाग काढल्यावर कर्ता आणि क्रियापद जुळत नसतील किंवा एखादी विभक्ती लोंबकळत राहत असेल, तर रेघ चुकीच्या जागी पडली आहे. सुरुवातीला रेघ आणि शेवटी स्वल्पविराम हीसुद्धा चूकच. जोडी सारख्याच चिन्हाची हवी. स्वल्पविरामांची जोडी किंवा कंसही असा मजकूर सामावून घेतात. स्वल्पविरामांत तो वाक्याच्या ओघात मिसळतो, कंसात हळू आवाजात सांगितल्यासारखा वाटतो आणि रेघांमध्ये उठून दिसतो.

दुसरा उपयोग एकट्या रेघेचा, अनपेक्षित वळणासाठी.

वीस वर्षांनी तो घराच्या दारात उभा राहिला, कडी वाजवली, आतून पावले वाजली — आणि तो पळाला.

इथे अपूर्णविराम चालणार नाही, कारण पळून जाणे ही आधीच्या मजकुराची फोड नाही. अर्धविरामाने वाक्य बिघडणार नाही, पण पळणे ही कडी वाजवण्यासारखी आणखी एक क्रिया होऊन बसेल. रेघ वाचकाला वळणाच्या तोंडाशी आणून सोडते.

तिसरा उपयोग संवादातला. “मी तर एवढंच म्हणत होतो—” अशी रेघ आली तर बोलणाऱ्याला कोणीतरी तोडले आहे. “मी तर एवढंच म्हणत होतो…” असे लोपचिन्ह असेल तर त्याचा आवाज आपोआप विरला आहे. नुसत्या चिन्हावरून खोलीत दुसरे माणूस बोलू लागले की शांतता पसरली, हे कळते.

विसर्ग, संयोगचिन्ह आणि कळफलक

देवनागरीत अपूर्णविरामाची एक खास अडचण आहे. तो विसर्गासारखा दिसतो. ‘दुःख’, ‘अंतःकरण’, ‘प्रातःकाळ’ यांतली दोन टिंबे हा विसर्ग आहे, म्हणजे उच्चाराचा भाग. कागदावर नजर चुकली तरी अर्थ कळतो, पण संगणकाच्या लेखी ही दोन वेगळी चिन्हे आहेत : विसर्ग U+0903 आणि अपूर्णविराम U+003A. ‘दुःख’मध्ये अपूर्णविराम टंकला असेल तर विसर्गासह केलेल्या शोधात तो शब्द सापडत नाही. उलट बाजूने, शब्दाला चिकटलेला अपूर्णविराम विसर्गासारखा वाचला जाण्याची भीती असते. म्हणून अनेक मराठी पुस्तकांत अपूर्णविरामाच्या आधीही थोडी जागा सोडतात, आणि या लेखातही तीच पद्धत पाळली आहे.

अपसारणचिन्हाचा घोळ संयोगचिन्हाशी होतो. संयोगचिन्ह (-) आखूड असते आणि शब्द जोडते : सासू-सुना, देणे-घेणे. अपसारणचिन्ह लांब असते आणि मजकूर वेगळा काढते. ‘तो परतला-रिकाम्या हाताने’ असे आखूड, चिकटवलेल्या रेघेने लिहिले तर ‘परतला-रिकाम्या’ हा जोडशब्द आहे की काय असे क्षणभर वाटते.

इन्स्क्रिप्ट कळफलकावर इंग्रजी अर्धविराम-अपूर्णविरामाच्या कळीवर ‘च’ आणि ‘छ’ आहेत, त्यामुळे ही चिन्हे टंकायला लिहिणाऱ्याला मध्येच इंग्रजी कळफलकावर जावे लागते. फोनवर संयोगचिन्हाची कळ दाबून धरली की बहुधा लांब रेघही समोर येते.

एक उतारा, चिन्हे घालून

पुढचा मजकूर मुद्दाम चिन्हांशिवाय दिला आहे.

काशीबाईंनी वही मिटली खर्च तीन होते धाकट्याची फी वाण्याची उधारी आणि दिव्याचे तेल फी भरायलाच हवी होती उधारी आठवडाभर थांबू शकत होती तेलाचे मात्र ते रोज लागे आणि रोज संपे काय करावे ते सुचेना

पहिला पूर्णविराम ‘मिटली’पाशी येतो, कारण पुढे नवा विषय आहे. ‘खर्च तीन होते’ हे पूर्ण वाक्य आहे आणि कोणते तीन, असा प्रश्न जागा करते. तिथे अपूर्णविराम. यादीतल्या गटांच्या आत स्वल्पविराम नाहीत, म्हणून तिच्यात अर्धविरामाची गरज पडत नाही.

‘फी भरायलाच हवी होती’ आणि ‘उधारी आठवडाभर थांबू शकत होती’ ही दोन पूर्ण वाक्ये आहेत आणि दोन्ही खर्चांचा निवाडा करतात. त्यांच्यात अर्धविराम बसतो. तिथे अपूर्णविराम घातला तर उधारी थांबू शकते म्हणून फी भरायला हवी, असे विचित्र कारण तयार होते. काशीबाईंचा विचार तसा नाही. त्या दोन खर्च तोलत आहेत.

‘तेलाचे मात्र’पासून वाक्य सुरू झाले आहे आणि त्याचे क्रियापद ‘सुचेना’ दूर आहे. मधला ‘ते रोज लागे आणि रोज संपे’ हा भाग काढून पाहिला तर ‘तेलाचे मात्र काय करावे ते सुचेना’ असे नीट वाक्य उरते. म्हणून इथे रेघांची जोडी. उतारा असा होतो :

काशीबाईंनी वही मिटली. खर्च तीन होते : धाकट्याची फी, वाण्याची उधारी आणि दिव्याचे तेल. फी भरायलाच हवी होती; उधारी आठवडाभर थांबू शकत होती. तेलाचे मात्र — ते रोज लागे आणि रोज संपे — काय करावे ते सुचेना.

नियम कुठे सैल होतो

एकटी रेघ आणि अपूर्णविराम यांच्या सीमा काही ठिकाणी एकमेकींत मिसळतात. ‘त्या घरातले एकच माणूस त्याला आठवत होते : स्वयंपाकीण’ आणि ‘त्या घरातले एकच माणूस त्याला आठवत होते — स्वयंपाकीण’ ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. पहिल्यात निवेदकाला उत्तर आधीपासून माहीत आहे आणि तो ते शांतपणे समोर ठेवतो. दुसऱ्यात ते बोलता बोलता सुचल्यासारखे येते. पात्राच्या मनातून सांगितलेल्या कथेत रेघ जवळची वाटते, तर सर्व काही जाणणाऱ्या तटस्थ निवेदकाला अपूर्णविराम शोभतो.

प्रमाण मात्र सांभाळावे लागते. एका वाक्यात रेघांची एक जोडी पुरे. तिसरी रेघ आली की कोणत्या दोन रेघा जोडीच्या, हे वाचकाला कळेनासे होते. एका वाक्यात दोन अपूर्णविराम आले तर पहिल्याची भरपाई संपण्याआधीच दुसरे वचन दिले जाते. अवतरणाने संपणाऱ्या वाक्यासारखा अपवाद सोडला तर ते टाळलेले बरे. अर्धविराम दोन-तीन वेळा येऊ शकतो, पण प्रत्येक भाग पूर्ण आणि साधारण सारख्या वजनाचा हवा.

थोडक्यात

- अर्धविराम (;) : दोन्ही बाजूंना पूर्ण वाक्ये. मनात ‘आणि’, ‘पण’ किंवा ‘तर’. नाते वाचकावर सोडलेले. स्वल्पविराम असलेल्या यादीत गट वेगळे करण्यासाठीही.
- अपूर्णविराम (:) : डावी बाजू पूर्ण, उजवीकडे तिची फोड. मनात ‘म्हणजे’, ‘ते असे’ किंवा ‘कारण’. यादीआधी क्रियापद आलेले असावे, ‘की’नंतर नको, विसर्गाशी गल्लत नको.
- अपसारणचिन्ह (—) : जोडीने आल्यास मधला भाग काढून वाक्य उरते का ते पाहावे. एकटे आल्यास अनपेक्षित वळण. संवादाच्या शेवटी आल्यास तुटलेले बोलणे. आखूड संयोगचिन्ह (-) वेगळे.